‘चूक झाली’ आणि ‘भांडं धुतलं नाही’: भायखळ्यातल्या एका माफीनाम्याचं वाचन

काही महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले. वहीची दोन पानं, निळ्या शाईत भरून लिहिलेली. खाली एकच ओळ: "तुझा अभ्यासच आहे ना माफीचा, मग जरा बघ गं. उद्या सकाळी शूट करायचंय."

पाठवणाऱ्या ताई भायखळ्यात आमच्या मागच्या गल्लीत, एका छोट्या गाळ्यात कोरड्या चटण्या करतात. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, तिळाची. हाताखाली दोन बायका, एक पल्व्हरायझर, एक सीलिंग मशीन. त्या दिवशी दुपारी एका गिऱ्हाईकाचा फोन आला होता. त्यांच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. जवसाची चटणी खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या. तिला दवाखान्यात न्यावं लागलं. रात्रीपर्यंत ती बरी होऊन घरी आली, पण पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

वहीतली दोन पानं म्हणजे या प्रकाराबद्दलच्या व्हिडिओची संहिता होती. माफी मागायची आणि माल परत बोलवायचा. मी तीनेक वर्षं मराठीतल्या सार्वजनिक माफ्या वाचतेय, पण त्या सगळ्या दिल्या गेल्यानंतरच्या. द्यायच्या आधीची माफी पहिल्यांदाच हातात आली. ताईंच्या परवानगीनं, नाव न सांगता, त्या संहितेचं हे वाचन.

पहिला खर्डा

सुरुवात अशी होती: "नमस्कार. सासूबाईंच्या हातची चव तुमच्यापर्यंत पोचवण्याचं स्वप्न घेऊन आम्ही हा व्यवसाय सुरू केला. तुम्ही भरभरून प्रेम दिलंत." असं बरंच पुढे. मोबाइलवर वेळ लावून मी मोठ्यानं वाचून पाहिलं. चटणीत काहीतरी गडबड आहे हे कळायला 40 सेकंद लागली. स्टेटस बघणारा माणूस तोवर तीन स्टेटस पुढे गेलेला असतो.

मग मुख्य वाक्य: "आमच्या जवसाच्या चटणीच्या एका बॅचमध्ये अनवधानाने शेंगदाण्याचा अंश आल्याचे निदर्शनास आले आहे. यामुळे एका ग्राहकाच्या मुलीला थोडा त्रास झाला. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

शेवटी पुढचं काय ते: "ज्यांच्याकडे या बॅचचे पाकीट असेल त्यांनी ते बिलासह आणून द्यावे, बदलून मिळेल. आमची इतर सर्व उत्पादने पूर्णपणे सुरक्षित आहेत. तुमचा विश्वास हीच आमची ताकद."

हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. फोन आल्याच्या दिवशीच रात्री बसून लिहिलंय, कुणावर ढकललेलं नाही, आणि माल परत घेतोय असं स्वच्छ म्हटलंय. मोठमोठ्या कंपन्यांना इतकंही जमत नाही. तरी ते वाचून मला भीती वाटली. भाषेतल्या एका साध्या सवयीमुळे त्यात एक धोक्याची गोष्ट झाकली गेली होती.

‘आला’, ‘झाली’ आणि ‘केली’

मराठीत एकच चूक तीन पायऱ्यांवर सांगता येते. ‘चूक झाली.’ इथे करणारा वाक्यातच नाही. पाऊस पडावा तशी चूक होते. ‘आमच्याकडून चूक झाली.’ इथे करणारा आला, पण ‘कडून’च्या आडून. ‘माझ्याकडून कप फुटला’ म्हणताना आपण जे सांगतो तेच: हात माझा होता, इरादा नव्हता. आणि तिसरी पायरी, ‘आम्ही चूक केली.’

माफीवरच्या चर्चेत बहुतेकदा इथेच थांबतात. तिसरी पायरी म्हणजे प्रामाणिकपणा, पहिली म्हणजे पळवाट. मलाही आधी असंच वाटायचं. आता वाटतं की ‘आम्ही चूक केली’ हेसुद्धा तसं रिकामंच वाक्य आहे, कारण ‘चूक’ हे कुठल्याही कृतीचं नाव नाही. खरी पायरी त्याच्याही पुढची: नेमकं कुठलं काम केलं किंवा केलं नाही, ते क्रियापद.

म्हणून ताईंना फोन लावला आणि विचारलं, "अंश आला म्हणजे कसा आला?"

त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, सकाळी शेंगदाण्याची केली होती. मग जवस टाकले. मध्ये यंत्र ब्रशनं झाडलं, धुतलं नाही. ओलं झालं की वाळायला दोन तास जातात. धुतो आम्ही ते रात्री."

"नेहमीच असं करता?"

"हो, म्हणजे... नेहमीच."

या शेवटच्या शब्दात अख्खी संहिता कोसळते. अंश ‘आला’ असेल तर तो एकदा आला, एका बॅचमध्ये, अपघातानं. पण यंत्र ‘धुतलं नाही’ असं म्हटलं की ऐकणारा लगेच विचारणार: मग त्या दिवशी जवसानंतर काय केलं होतं? आदल्या आठवड्यात? रजिस्टर काढलं. त्या दिवशी जवसाची 20 किलो, म्हणजे 200 ग्रॅमची 100 पाकिटं, आणि तिच्यामागून त्याच न धुतलेल्या यंत्रात 10 किलो कारळ्याची चटणी निघाली होती. चटणीची मुदत तीन महिन्यांची, म्हणून तीन महिने मागे गेलो. सकाळी शेंगदाणे आणि दुपारी दुसरं काही, असे आणखी सहा दिवस निघाले, त्यांतले दोन तिळाच्या चटणीचे.

म्हणजे ‘इतर सर्व उत्पादने पूर्णपणे सुरक्षित’ हे वाक्य खोटं होतं. ताईंनी ते खोटं बोलायला लिहिलेलं नव्हतं. वाक्यात करणारा नव्हता, करणारा नसल्यामुळे कृती नव्हती, आणि कृती नसल्यामुळे ती आणखी कितीदा झाली असेल हा प्रश्न त्यांना स्वतःलाही पडला नव्हता.

या नोंदीत मला सांगायचंय ते एवढंच. परत बोलावण्याच्या संहितेत जबाबदारी घेणं हा नैतिक शिष्टाचाराचा भाग आहेच, पण त्याआधी ती माहिती आहे. पहिल्या अर्ध्या भागातलं क्रियापद ठरवतं की दुसऱ्या अर्ध्या भागात कुठली पाकिटं परत मागायची.

दोन जुनी उदाहरणं

माफीच्या अभ्यासात विल्यम बेनॉइट या अमेरिकी अभ्यासकाची मांडणी खूप वापरली जाते. 1995 च्या पुस्तकात त्यानं आरोप झालेला माणूस किंवा संस्था काय काय बोलते याचे पाच गट केले: नाकारणं, जबाबदारी टाळणं, प्रकरण लहान करून दाखवणं, दुरुस्ती सांगणं, आणि पुरता अपराध कबूल करून क्षमा मागणं. ताईंचा खर्डा या चाळणीतून काढला तर ‘अनवधानाने’ हे जबाबदारी टाळणं, ‘थोडा त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे लहान करणं, ‘बदलून मिळेल’ ही दुरुस्ती, ‘दिलगीर आहोत’ ही क्षमा. चाळणी उपयोगी आहे, पण ती हे प्रकार एकमेकांशेजारी ठेवते. अन्न परत बोलावताना ते एकाला एक बांधलेले असतात. कारण काय सांगता, त्यावर दुरुस्ती अवलंबून असते.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2003 मध्ये कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीनं सुरुवातीला दुकानातल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं असं की वेष्टन नीट बंद नसेल तर तोही उत्पादनातलाच दोष. कारण ‘दुकानदार नीट ठेवत नाहीत’ एवढंच धरलं असतं तर उपाय दुकानदारांना शिकवण्यापुरता राहिला असता. कंपनीनं तोही केला, पण 2004 च्या सुरुवातीला वेष्टनही बदललं आणि उष्णतेनं सील केलेलं आवरण आणलं. वेष्टन बदलणं म्हणजे कारणाचा काही भाग आपल्याकडे होता हे कृतीनं मान्य करणं. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती लोकांच्या लक्षात राहिल्या, पण बदल झाला तो आवरणात.

दुसरं उदाहरण कॅनडातलं, आणि तिथे व्हिडिओच आहे. ऑगस्ट 2008 मध्ये मेपल लीफ फूड्स या मांसप्रक्रिया कंपनीच्या मालातून लिस्टेरिया जिवाणूची साथ पसरली, वीसहून जास्त माणसं गेली. कंपनीचे प्रमुख मायकल मॅकेन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी जबाबदारी घेऊन क्षमा मागितली. जनसंपर्काच्या वर्गात हा व्हिडिओ आदर्श म्हणून दाखवतात: सूट नाही, टाय नाही, चेहऱ्यावर दुःख. मला त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. परत बोलावलेल्या मालाची यादी सुरुवातीला दोन-चार उत्पादनांची होती, काही दिवसांतच ती टोरांटोच्या त्या कारखान्यातल्या सगळ्या, सुमारे 220 उत्पादनांची झाली. पुढे संशय आला तो काप करणाऱ्या यंत्रांच्या आत, रोजच्या सफाईत हात न पोचणाऱ्या जागी साठलेल्या घाणीवर. यंत्र सामायिक असेल तर यादीही सामायिक होते. टोरांटोच्या कारखान्याला जे लागू, ते भायखळ्यातल्या एका पल्व्हरायझरलाही.

पाकीट की बरणी

आता खर्ड्याचा शेवट, म्हणजे पुढच्या पायऱ्या. ‘या बॅचचे पाकीट बिलासह आणा.’ बॅच नंबर पाकिटाच्या मागे, सीलजवळ बारीक छापलेला असतो. पण आपल्या घरात चटणीचं पाकीट राहतं किती वेळ? आणल्या आणल्या कात्रीनं कोपरा कापायचा, बरणीत ओतायची, पाकीट कचऱ्यात. बरणीवर बॅच नंबर नसतो. म्हणजे ‘पाकीट तपासा’ ही सूचना बहुतेक घरांसाठी निरुपयोगी, आणि त्याहून वाईट म्हणजे दिलासा देणारी. पाकीट सापडत नाही, म्हणजे आपलं ते नसावं, असं माणूस धरून चालतो.

बरणीला लागू पडेल अशी सूचना वेगळी लिहावी लागते: ‘गेल्या तीन महिन्यांत आमच्याकडून जवस, कारळे किंवा तिळाची चटणी घेतली असेल आणि पाकीट नसेल, तर ती त्यातलीच आहे असं समजा.’ शंकेचा बोजा विकणाऱ्यानं उचलायचा, खाणाऱ्यानं नाही. बिलाची अटही याच कारणासाठी काढायची. आणि बदली चटणी नको, पैसे द्यायचे, कारण यंत्र धुण्याची पद्धत बदलली हे सिद्ध होईपर्यंत बदली कशातून काढून देणार?

एक सूचना खर्ड्यात नव्हतीच, आणि ती मला फार उशिरा सुचली. आपल्याकडे घरात नकोशी झालेली खायची वस्तू सहसा फेकत नाहीत. कामाला येणाऱ्या मावशींना देतात, वॉचमनला देतात. ‘आमच्याकडे कुणाला अ‍ॅलर्जी नाही, घेऊन जा’ असं म्हणून बरणी दुसऱ्या घरात जाते. तिथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल असलं, तर त्या घरापर्यंत हा व्हिडिओ पोचणारच नाही. म्हणून ‘कुणालाही देऊ नका’ हे तीन शब्द संहितेत हवेतच. ‘पुन्हा भाजून घेतलं की चालतं’ असंही काहींना वाटतं. शेंगदाण्यातला त्रास देणारा घटक भाजल्यानं जात नाही, तेही सांगायला हवं.

‘थोडा त्रास’ हा शब्दप्रयोग मी सगळ्यात आधी काढायला सांगितला. ताईंचा हेतू मुलीच्या घरच्यांची चर्चा टाळण्याचा होता, तो योग्यच. पण नाव न घेताही लक्षणं सांगता येतात, आणि ती सांगितल्यानं दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचू शकतो: ओठ किंवा डोळे सुजणं, गांधी, उलट्या, आवाज बसणं, श्वास लागणं. यातलं काही झालं तर वाट न बघता दवाखाना. ‘गैरसोय’ हा शब्द लोकल उशिरा येते तेव्हाचा. भायखळा स्टेशनवर तो रोज कानावर पडतो आणि कुणी मान वर करून बघतही नाही.

आणि व्हिडिओच पहिला का? 100 पाकिटांचा हिशोब मांडला तेव्हा 18 गाळ्यातच होती, 40 चार दुकानांत गेलेली, 42 थेट ऑर्डरची. या 42 जणांचे नंबर ताईंच्या फोनमध्येच होते. त्यांना व्हिडिओची वाट बघायला लावायची काहीच गरज नव्हती. आधी फोन, मग दुकानं, मग उरलेल्या अनोळखी माणसांसाठी व्हिडिओ. संहिता कितीही चांगली असली तरी तिचा नंबर तिसरा.

अहवालाची वाट

मी पाठवलेल्या सूचनांवर ताईंचा एक आक्षेप होता आणि तो रास्त होता. "लॅबमध्ये पाठवू, अहवाल आल्यावर बोलू. उगाच सगळा माल परत कशाला?" सगळा माल म्हणजे दोन महिन्यांची कमाई, आणि दोन बायकांचा पगार त्यातूनच निघतो. मी हे माझ्या खुर्चीत बसून सहज सांगत होते.

अडचण अशी की अशा प्रकारात एका पाकिटाचा अहवाल फारसं काही सांगत नाही. न धुतलेल्या यंत्रातला शेंगदाणा सगळ्या घाण्यात सारखा पसरत नाही. सुरुवातीच्या पाकिटांत जास्त, पुढे कमी, मध्येच कोपऱ्यात अडकलेला एखादा गोळा सुटून भलत्याच पाकिटात. तपासलेल्या पाकिटात काही सापडलं, तर शंका पक्की होते. नाही सापडलं, तर ते एक पाकीट निर्दोष ठरतं, बाकीच्या 99 बद्दल खात्री मिळत नाही. अहवालासाठी थांबायचं कारण उरत नाही.

कायदाही थांबायला सांगत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 28 नुसार आपला माल नियमात बसत नाही असं मानायला कारण असलं, तरी व्यावसायिकानं तो लगेच बाजारातून आणि ग्राहकांकडून परत घ्यायचा, कारण सांगायचं आणि अधिकाऱ्यांना कळवायचं. ‘कारण सांगायचं’ हे कलमातच आहे. म्हणजे ‘अंश आला’ एवढ्यावर भागवणं कायद्याच्या दृष्टीनंही अपुरं. अन्न व औषध प्रशासनाला कळवायला ताई घाबरत होत्या. शेवटी सकाळी त्यांनी आधी तेच केलं.

शूट झालेला व्हिडिओ

प्रत्यक्षात व्हिडिओ एक मिनिट दहा सेकंदांचा झाला. गाळ्यात, पल्व्हरायझरच्या शेजारी उभ्या राहून, भाच्यानं मोबाइलवर घेतलेला. सुरुवात अशी: "आमची जवसाची, कारळ्याची किंवा तिळाची चटणी तुमच्या घरात असेल तर खाऊ नका आणि कुणाला देऊ नका. त्यात शेंगदाणा असू शकतो." हीच वाक्यं मोठ्या अक्षरांत पडद्यावरही, कारण लोक आवाज बंद ठेवून बघतात.

मग: "आम्ही शेंगदाणे दळल्यावर यंत्र न धुता त्यातच दुसऱ्या चटण्या केल्या. एकदा नाही, तीन महिन्यांत सात वेळा. त्यामुळे एका मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं. तिची आणि तिच्या घरच्यांची मी माफी मागते." ‘आम्ही’पासून ‘मी’पर्यंतचा हा प्रवास माझ्या सूचनांत नव्हता. त्यांना तो बोलता बोलता सुचला, आणि तो अचूक आहे. यंत्र न धुण्याची पद्धत सगळ्यांची होती. ती चालू दिली मालकिणीनं.

त्यानंतर लक्षणं, फोन नंबर, पैसे कसे परत मिळतील, आणि शेवटी: "या तीन चटण्या सध्या बंद. पुन्हा सुरू करू तेव्हा आधी काय बदललं ते सांगू." विश्वास, ताकद, सासूबाई, सगळं गेलं.

टीकाकार म्हणून एकच तक्रार उरते. काय बदलणार, ते व्हिडिओत नाही. दोन रस्ते आहेत. एक, पाकिटावर ‘शेंगदाणे असू शकतात’ असं छापायचं. नियमात तशी सोय आहे आणि खर्च शाईपुरता. पण न धुण्यावर ती पट्टी चिकटवली तर तो ‘अंश आला’चाच छापील अवतार होतो. दुसरा रस्ता म्हणजे शेंगदाण्याला वेगळा दिवस, किंवा तो दिवसाच्या शेवटी आणि त्यामागून धुणं. यात पैसे लागत नाहीत, पण वेळापत्रक बदलतं, आणि दिवाळीच्या ऑर्डरी आल्या की पहिलं मोडतं ते वेळापत्रकच.

ताईंना तसं बोलले. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. ‘माल’ आणि ‘किलो’ या रकान्यांच्या शेजारी पट्टीनं रेघ मारून नवा रकाना आखलाय. वर लिहिलंय, ‘कोणी धुतलं’. खाली सह्या.